फुग्याचं पंचराशिक

मुंबईत सांताक्रूझला आणि गोव्यात पणजीला हवामान खात्याची माणसं ठरल्या वेळी एक पांढरा रबरी फुगा आकाशात सोडतात. जत्रेतल्या फुग्यापेक्षा तो बराच मोठा, उंच माणसाएवढा. आत हायड्रोजन किंवा हेलियम, तोंड दोरीने घट्ट आवळलेलं, खाली एक लहानशी छत्री आणि तिच्याही खाली दोरीला लोंबकळणारी हलकी डबी. या डबीला रेडिओसोंड म्हणतात. वर जाता जाता ती तापमान, आर्द्रता आणि दाब जमिनीवर कळवत राहते. फुगा मिनिटाला साधारण तीनशे मीटर चढतो. पाऊण-एक तासात तो विमानांच्या वाटेच्याही वर पोचतो, आणि पुढे कधीतरी, तीसएक किलोमीटरवर, फुटतो.

आपला प्रश्न एवढाच, की जमिनीवर तीन घनमीटर असलेला हा फुगा वर जाऊन किती मोठा होतो?

वर हवेचा दाब कमी, म्हणून फुगा फुगणार, हे कुणीही सांगेल. पण वर थंडीही कडाक्याची असते आणि थंडीने वायू आकसतो. म्हणजे एकाच फुग्याला एक जण बाहेर ओढतो आहे आणि दुसरा आत दाबतो आहे. दाब, आकारमान आणि तापमान तिन्ही एकदम बदलत आहेत. अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्रात नेमकी अशीच उदाहरणं घालतात. ती चुकतात तेव्हा गुणाकार-भागाकारापेक्षा केल्विनपाशीच जास्त चुकतात.

गणिताची रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त त्रैराशिक आहे, व्यस्त त्रैराशिक आहे आणि पंचराशिकही आहे. पाच राशी माहीत असतील तर सहावी काढायची, ते पंचराशिक. इतके मजूर रोज इतके तास राबून इतक्या दिवसांत विहीर खणतात, मजूर आणि तास दोन्ही बदलले तर दिवस किती लागतील, असली उदाहरणं आपल्या आधीच्या पिढ्यांनी घोकलेली असतात. फुग्याचं गणित हेच आहे. सुरुवातीचा दाब, आकारमान आणि तापमान माहीत, वरचा दाब आणि तापमान माहीत, सहावी राशी वरचं आकारमान. पुस्तकात हा संयुक्त वायुनियम असा लिहिलेला असतो:

P₁V₁/T₁ = P₂V₂/T₂

दाब आणि आकारमान यांचं नातं व्यस्त आहे. दाब निम्मा झाला तर आकारमान दुप्पट. हे रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलं. तापमान आणि आकारमान यांचं नातं सम आहे, तापमान दुप्पट तर आकारमान दुप्पट. सूत्र पाठ असो की नसो, एवढं लक्षात असलं तर पंचराशिक मांडता येतं. जुन्या आकारमानाला दोन अपूर्णांकांनी गुणायचं, एक दाबाचा, एक तापमानाचा. प्रत्येक अपूर्णांक लिहिण्याआधी स्वतःला विचारायचं, की याने फुगा मोठा व्हायला हवा की लहान? मोठा व्हायला हवा असेल तर मोठी संख्या वर, नाहीतर खाली. मला स्वतःला सूत्रात आकडे भरण्यापेक्षा ही रीत जास्त भरवशाची वाटते, कारण तिच्यात प्रत्येक पायरीला डोकं जागं ठेवावं लागतं.

पण ‘तापमान दुप्पट’ म्हणजे काय? इथे गाडी अडते.

मजुरांचं त्रैराशिक निर्धास्त चालतं, कारण शून्य मजूर म्हणजे खरोखर कोणीही नाही. दहाचे वीस मजूर झाले की मजूर दुप्पट झाले, यात वाद नाही. सेल्सिअसचं शून्य तसं नाही. ते फक्त बर्फ वितळतं ती खूण आहे. घरातल्या भिंतीवर जमिनीपासून मीटरभर उंचीवर रेघ मारली आणि मुलांची उंची त्या रेघेपासून मोजली, तर रेघेच्या दहा सेंटिमीटर वर डोकं असलेलं मूल पाच सेंटिमीटरवाल्यापेक्षा दुप्पट उंच ठरेल, आणि रेघेखालच्या धाकट्याची उंची चक्क उणे येईल. कोण किती सेंटिमीटरने उंच, हा फरक त्या रेघेवरूनही बरोबर कळतो. किती पट उंच, हे मात्र जमिनीपासून मोजल्याशिवाय कळत नाही. पंचराशिक तर सगळं पटींवर चालतं.

मग तापमानाची जमीन कुठे आहे? ती वायूंनीच दाखवली. जोसेफ लुई गे-ल्युसॅकने १८०२ मध्ये वायू तापवून त्यांचं प्रसरण मोजलं आणि प्रसिद्ध केलं. त्याच्या आधी पंधराएक वर्षं जॅक शार्ल याने हेच पाहिलं होतं, पण छापलं नव्हतं. गे-ल्युसॅकने त्याचा उल्लेख केला म्हणून नियमाला शार्लचं नाव मिळालं. वेगवेगळे वायू एकाच प्रमाणात प्रसरण पावतात, हे त्यातलं नवल. ते प्रमाण पुढच्या काटेकोर मोजमापांनंतर असं स्थिरावलं: दाब कायम ठेवला तर प्रत्येक अंशाला वायू आपल्या शून्य अंशावरच्या आकारमानाच्या सुमारे २७३ व्या भागाने वाढतो.

मग सोयीसाठी शून्य अंश सेल्सिअसला बरोबर २७३ लिटर वायू घेऊ. एका अंशाला तो २७४ लिटर होईल, २७ अंशांना ३०० लिटर. उलट थंड केला तर उणे ७३ अंशांना २०० लिटर. असंच खाली जात राहिलो तर उणे २७३ ला कागदावर शून्य लिटर. प्रत्यक्षात तसं होत नाही. हायड्रोजन उणे २५३ च्या आसपासच द्रवरूप होतो आणि मग हा नियम त्याला लागू राहत नाही. पण सगळ्या वायूंच्या रेषा खाली वाढवल्या की एकाच ठिकाणी जमिनीला टेकतात. ती जागा उणे २७३.१५ अंश सेल्सिअस. विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, १८४८ मध्ये निरपेक्ष तापमानाची पट्टी सुचवली. तिचं शून्य या जागी आहे. आपल्या उदाहरणातले लिटरचे आकडे पुन्हा पाहा: २७४, ३००, २००. ते केल्विनमधलं तापमानच आहे. २७३ मिळवणं म्हणजे मोजपट्टीचं टोक भिंतीवरच्या रेघेवरून जमिनीवर आणणं. केल्विनला ‘अंश’ म्हणत नाहीत आणि ते छोटं वर्तुळही काढत नाहीत. ३०० केल्विन, बस.

आता फुगा सोडू. आकडे गोल केलेले आहेत, पण आपल्या भागातल्या आकाशाला धरून आहेत. जमिनीवर संध्याकाळी ३० अंश सेल्सिअस, दाब १००८ हेक्टोपास्कल (जुन्या भाषेत मिलिबार, दोन्ही एकच) आणि फुग्यात ३ घनमीटर वायू. साधारण साडेसोळा किलोमीटरवर दाब १०० हेक्टोपास्कल उरतो आणि तापमान उणे ७८ च्या घरात जातं. उष्ण कटिबंधाच्या आकाशातला हा सगळ्यात थंड थर. उन्हाळ्यातल्या मुंबईच्या डोक्यावर अंटार्क्टिकासारखी थंडी असते, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही.

आधी तापमानं. जमिनीवरचं ३० अधिक २७३, म्हणजे ३०३ केल्विन. वरचं उणे ७८ अधिक २७३, म्हणजे १९५ केल्विन. आता दाबाचा अपूर्णांक. दाब घटला, फुगा मोठा व्हायला हवा, म्हणून १००८ वर आणि १०० खाली: १०.०८ पट. मग तापमानाचा. गारठा वाढला, फुगा लहान व्हायला हवा, म्हणून १९५ वर आणि ३०३ खाली: ०.६४४ पट. तीन गुणिले १०.०८ गुणिले ०.६४४, उत्तर सुमारे १९.५ घनमीटर. नुसता दाब धरला असता तर ३०.२ आले असते. थंडीने तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापून घेतलं.

हेच गणित केल्विन न करता मांडलं, तर तापमानाचा अपूर्णांक होतो उणे ७८ छेद ३० आणि आकारमान येतं उणे ७८.६ घनमीटर. उणे आकारमानाचा फुगा कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे ही चूक स्वतःच ओरडून सांगते. मुलांच्या वहीत पुढची चूक जास्त दिसते. उणे चिन्ह विसरून २७३ मध्ये ७८ मिळवले जातात, ३५१ केल्विन येतात आणि उत्तर ३५ घनमीटर निघतं. आकडा धन आहे, दिसायला ठीक आहे, परीक्षेत लिहून मोकळं होता येतं. पण नुसत्या दाबाने फुगा ३०.२ पर्यंतच जात होता. थंडी धरल्यावर तो त्याहून मोठा कसा होईल? अपूर्णांक लिहिण्याआधी ‘मोठा की लहान’ विचारायची सवय असेल, तर ही चूक वहीतच पकडली जाते.

२७३ घ्यायचे की २७३.१५, यावर मुलं फार वाद घालतात. वरच्या उदाहरणात काटेकोर आकडा घेतला तरी उत्तर १९.५ च राहतं, कारण वर आणि खाली दोन्हीकडे तेवढीच भर पडते. एका तापमानाला २७३ आणि दुसऱ्याला २७३.१५ असं मात्र करू नये. दुसरं पथ्य फरकाचं. ‘तापमान १० अंशांनी वाढलं’ असं उदाहरणात दिलेलं असेल, तर त्या दहामध्ये २७३ मिळवायचे नाहीत. दहा अंश सेल्सिअसची वाढ म्हणजे दहा केल्विनचीच वाढ. भिंतीवरची रेघ कुठेही असली तरी दोन मुलांच्या उंचीतलं अंतर तेवढंच राहतं. आणि उत्तर म्हणून तापमानच काढायचं असेल, तर सूत्र ते केल्विनमध्ये देतं. सेल्सिअसमध्ये विचारलं असेल तर शेवटी २७३ वजा करायचे, हे घाईत हटकून राहतं.

फुगा अजून चढतोच आहे. साडेसोळाच्या वर मात्र चाल उलटते आणि तापमान घटायचं थांबून हळूहळू वाढू लागतं. लेऑं तेसराँ द बोर या फ्रेंच हवामानशास्त्रज्ञाने पॅरिसजवळून बिनमाणसाचे फुगे सोडून हे पाहिलं, तेव्हा आधी त्याला आपल्या तापमापकांवरच संशय आला. ऊन लागून ते खोटं दाखवत असतील म्हणून त्याने रात्रीही फुगे सोडून पाहिले. शेवटी १९०२ मध्ये त्याने हा थर जाहीर केला. त्यालाच आपण आज स्थितांबर म्हणतो. तिथला ओझोन उन्हातली अतिनील किरणं शोषून हवा तापवतो.

म्हणून ३१ किलोमीटरच्या आसपास, जिथे दाब अवघा १० हेक्टोपास्कल आहे, तिथे तापमान उणे ४० च्या घरात असतं, खालच्या थरापेक्षा बरंच उबदार. केल्विनमध्ये २३३. जमिनीपासून थेट मांडू. दाबाने १००.८ पट, तापमानाने २३३ छेद ३०३. उत्तर सुमारे २३२.५ घनमीटर. पडताळा हवा असेल तर मधल्या टप्प्यावरून जा. १९.५ घनमीटरला दाबाच्या दहापटीने गुणा, मग २३३ छेद १९५ ने. या वेळी तापमानाचा अपूर्णांक एकापेक्षा मोठा आहे, कारण हवा तापली. उत्तर पुन्हा २३३ च्या जवळच येतं. फुगा कुठल्या वाटेने गेला याच्याशी नियमाला देणंघेणं नाही, सुरुवात आणि शेवट कळले की झालं. दोन वाटांची उत्तरं जुळली नाहीत, तर कुठेतरी एक तापमान सेल्सिअसमध्येच राहून गेलंय असं बेलाशक समजावं.

आकारमान ७७ पट झालं, पण फुगा ७७ पट रुंद झालेला नसतो. गोलाचा व्यास आकारमानाच्या घनमुळाने वाढतो. जमिनीवरचा पावणेदोन मीटरहून जरासा मोठा फुगा वर साडेसात मीटरच्या पुढे जातो, सव्वाचार पटीपेक्षा किंचित जास्त. मोठ्या खोलीत मावणार नाही इतका. रबर ताणून ताणून कागदासारखं पातळ होतं आणि फाटतं. मग छत्री उघडते आणि डबी खाली येते.

इतकं नेटकं गणित प्रत्यक्षात थोडं इकडेतिकडे होतं. आपण फुग्यातल्या वायूचं तापमान बाहेरच्या हवेइतकंच धरलं. दिवसा ऊन फुग्याला तापवतं आणि आतला वायू बाहेरच्यापेक्षा गरम असू शकतो. शिवाय ताणलेलं रबर स्वतःही आत थोडं दाबत असतं, त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त. या गोष्टींनी उत्तर थोडं हलतं. एक अट मात्र मोडली तर गणितच कोसळतं: आत वायू तितकाच राहायला हवा. सूत्रात वायूचं प्रमाण लिहिलेलं नसतं, कारण ते बदलत नाही असं गृहीत धरलेलं असतं.

हे सगळ्यात आधी अनुभवलं ते बहुधा शार्लनेच. २७ ऑगस्ट १७८३ ला त्याने पॅरिसच्या शां द मार्सवरून हायड्रोजनचा फुगा सोडला. त्यात माणूस नव्हता. तो काही कोसांवर गोनेस गावात पडला आणि घाबरलेल्या गावकऱ्यांनी काट्याकुट्यांनी त्याचा फडशा पाडला. बंद पिशवीतला वायू वर फुगत गेला तर पिशवी फाटते. त्याच वर्षी १ डिसेंबरला शार्ल स्वतः हायड्रोजनच्या फुग्यातून आकाशात गेला, तेव्हा त्याच्या फुग्याला खाली उघडी नळी होती. फुगलेला जास्तीचा वायू तिथून निघून जायचा. ती नळी उघडी असताना संयुक्त वायुनियम आपल्या या रूपात लावला, तर उत्तर चुकणारच, कारण वायू वाटेत सांडतो आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हैदराबादला जे बलून केंद्र आहे, तिथले प्लॅस्टिकचे प्रचंड फुगे सोडताना बहुतांश रिकामे आणि लोंबते असतात, ते याच हिशेबापायी. वर जाऊन पसरायला जागा आधीच ठेवलेली असते.

केल्विनची खबरदारी सगळे सांगतात. दाबाच्या बाबतीत तसलीच एक खोटी भिंतरेघ आहे, तिच्याबद्दल मात्र क्वचित कुणी बोलतं. पेट्रोल पंपावर टायरमध्ये हवा भरताना काटा ३२ दाखवतो. हा ३२ पीएसआय बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त, एवढंच सांगतो. टायर पूर्ण बसला तरी काटा शून्यावर येतो, पण आत शून्य हवा नसते. बाहेरच्या दाबाइतकी, समुद्रकिनारी साधारण १४.७ पीएसआय, असतेच. म्हणजे काट्यावरचा दाब हा दाबाचा सेल्सिअस आहे. गणितात त्याला १४.७ मिळवून निरपेक्ष करावं लागतं.

सकाळी २७ अंशांना टायरमध्ये ३२ भरले. म्हणजे निरपेक्ष दाब ४६.७, तापमान ३०० केल्विन. द्रुतगती मार्गावर पळून टायरमधली हवा ६० अंशांवर, म्हणजे ३३३ केल्विनवर गेली, आणि टायर थोडा ताणून आकारमान दोन टक्के वाढलं असं धरू. तापमानाने दाब वाढायला हवा, ३३३ छेद ३००. आकारमान वाढल्याने कमी व्हायला हवा, भागिले १.०२. निरपेक्ष दाब ५०.८ येतो, त्यातून १४.७ काढले की काट्यावर ३६. हेच सेल्सिअसमध्ये केलं तर काटा ८७ च्या जवळ जातो. तेवढ्यावर शंका यायलाच हवी. पण केल्विन करून दाबाला १४.७ मिळवायचे राहिले, तर उत्तर ३४.८ येतं. हे इतकं पटण्याजोगं आहे की कुणाला संशयही येणार नाही.

चारच पीएसआयचा फरक आहे म्हणून सोडून देऊ नका. लांबच्या प्रवासात मधल्या पंपावर गरम टायरचा काटा ३६ पाहून पोऱ्या हवा काढतो आणि पुन्हा ३२ वर आणून ठेवतो. त्या क्षणी आतला वायू कमी झाला, पंचराशिकाची सुरुवात बदलली. आता निरपेक्ष ४६.७ हा ३३३ केल्विनचा दाब आहे. रात्री टायर निवला, ३०० केल्विनवर आला, किंचित आकसला. ४६.७ गुणिले ३०० छेद ३३३, गुणिले १.०२. उत्तर ४२.९, आणि काट्यावर २८.